रक्त येतं तिथला ब्रश थांबवू नका: सुजलेल्या हिरड्या आणि डेंटिस्टकडे जाईपर्यंतचे दहा दिवस

प्रश्न: वय ३६. महिनाभर ब्रश करताना रक्त येतंय, जास्त करून खालच्या पुढच्या दातांपाशी. हिरड्या लाल आणि फुगलेल्या दिसतात, दुखत मात्र नाहीत. घाबरून आठवडाभर मी तिथे ब्रशच लावलेला नाही. डेंटिस्टची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. आई म्हणते हळद-मीठ चोळ आणि तुरटीच्या गुळण्या कर. तोवर काय करू? आणि दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, हे खरं आहे का?

उत्तर:

आज रात्रीपासून त्या जागी पुन्हा ब्रश सुरू करा. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नेमका जिथे रक्त येतं तिथेच. पहिले तीन-चार दिवस रक्त तेवढंच येईल, कदाचित थोडं जास्तही येईल. तरी थांबू नका.

रक्त दिसलं की ब्रश लागला असं वाटणं साहजिक आहे. खरोखर ब्रश लागतो तेव्हा एकाच ठिकाणी ओरखडा दिसतो, तिथे झोंबतं आणि दोन-तीन दिवसांत तो भरून येतो. तुमचं तसं नाही. महिनाभर, त्याच भागात, दोन दातांच्या मधल्या टोकदार हिरडीतून आणि न दुखता येणारं रक्त हे हिरडीच्या सुजेचं असतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा एक चिकट, पिवळट-पांढरा थर बसतो. त्याला आम्ही प्लाक म्हणतो. नखाने खरवडला तर तो लोण्यासारखा निघतो. हा थर तिथेच राहिला की शरीर त्या जंतूंशी लढायला हिरडीकडे जास्त रक्त पाठवतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीची दाताकडची आतली नाजूक त्वचा जागोजागी सोलवटते आणि मग ब्रशचा केस नुसता टेकला तरी रक्त येतं. जखम ब्रशने केलेली नसते. ती आधीपासून असते, ब्रशने फक्त दाखवली.

म्हणून ब्रश बंद करणं हे इथे उलट काम करतं. रक्त येतं म्हणून घासायचं नाही, घासलं नाही म्हणून थर वाढतो, थर वाढला म्हणून सूज वाढते आणि पुढच्या वेळी ब्रश लावला की आधीपेक्षा जास्त रक्त. डेन्मार्कमध्ये आर्हूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सरळ प्रयोगच केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. मग पुन्हा स्वच्छता सुरू केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध काही दिलेलं नव्हतं. तुम्हाला डेंटिस्टची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे, हे त्या दृष्टीने बरंच झालं.

एक फरक मात्र लक्षात घ्या. त्या मंडळींचे दात प्रयोगाआधी स्वच्छ होते, तुमच्या दातांवर बहुतेक कीटण असणार. प्लाक तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात उतरतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट व्हायला लागतो. लाळेच्या दोन ग्रंथींच्या नळ्या जिभेखाली, बरोबर खालच्या पुढच्या दातांमागे उघडतात. त्यामुळे कीटण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तिथेच साठतं. जीभ खालच्या दातांच्या मागच्या बाजूने फिरवून पाहा. दातांमधल्या फटी जाणवण्याऐवजी एकसलग खरखरीत पट्टी लागली, तर ते कीटण आहे. ते कुठल्याही ब्रशने, पेस्टने किंवा मंजनाने निघत नाही. पिन, सुई किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या अणकुचीदार हत्याराने ते घरी काढायला जाऊ नका. हिरडी फाटते आणि दातावर चरे पडतात. त्या चऱ्यांत पुढचं कीटण आणखी घट्ट बसतं.

आता प्रत्यक्ष ब्रश कसा करायचा ते सांगतो, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ब्रश नवा घ्या, पाकिटावर सॉफ्ट किंवा एक्स्ट्रा सॉफ्ट लिहिलेला. साधी फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्रशचे केस दातावर सपाट न ठेवता साधारण ४५ अंशांनी तिरके धरा, म्हणजे निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या कडेवर टेकतील. खालच्या दातांसाठी केसांची टोकं खाली, वरच्या दातांसाठी वर. मग ब्रश जागचा न हलवता फक्त थरथरवल्यासारखा, अगदी छोट्या अंतरात, दहा-बारा वेळा मागे-पुढे करा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर सरका. केस वाकून पसरले तर दाब जास्त होतोय. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरला की दाब आपोआप कमी होतो.

खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला आडवा ब्रश बसतच नाही. तिथे ब्रश उभा धरायचा, त्याच्या पुढच्या टोकाचे केस हिरडीच्या कडेला लावायचे आणि एकेक दात हिरडीकडून वर घासत आणायचा. आठवडाभर आरशासमोर, चांगल्या उजेडात करा. सगळ्या तोंडाला मिळून दोन मिनिटं लागतात आणि रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. सकाळी घाईत एखादवेळी कमी घासलं गेलं तर मी तितका ओरडत नाही, रात्रीचं चुकवलं तर ओरडतो.

दोन दातांच्या मधे ब्रशचे केस पोचत नाहीत आणि सूज सुरू होते ती नेमकी तिथूनच. म्हणून रात्री एकदा फ्लॉसचा दोरा किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. फटी घट्ट असतील तर दोरा: तो खाली खसकन ओढायचा नाही, करवतीसारखा हळूहळू आत न्यायचा, मग एका दाताला वळसा देऊन हिरडीच्या किंचित खालपासून वर दोनदा पुसायचा आणि नंतर शेजारच्या दाताला तसंच. फटी मोठ्या असतील तर इंटरडेंटल ब्रश जास्त चांगलं काम करतो, पण तो सहज आत जाईल त्याच मापाचा घ्या. कीटणामुळे एखाद्या ठिकाणी काहीच आत जात नसेल तर ती जागा सोडून द्या, जोर लावू नका. ती डेंटिस्टला दाखवायची जागा.

आता हळद, मीठ आणि तुरटी. आईंचा सल्ला पूर्ण टाकाऊ नाही, फक्त चोळणं नको. जाडं मीठ सुजलेल्या हिरडीवर चोळलं की ती सोलवटते. तेच मीठ कोमट पाण्यात चालतं: एका पेल्यात अर्धा चमचा, दिवसातून दोन-तीनदा, अर्धा मिनिट तोंडात खुळखुळवून थुंकायचं. त्याने बरं वाटतं, तोंडातले अडकलेले कण निघतात. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल तरी हे पाणी गिळायचं नाही, एवढं सांभाळलं की अडचण नाही. तुरटीचा गुण वेगळा. ती हिरडी तात्पुरती आकसवते, त्यामुळे रक्त कमी दिसतं आणि माणसाला वाटतं बरं झालं. थर मात्र जागच्या जागीच असतो. केमिस्टकडे मिळणाऱ्या गम पेंटचंही साधारण हेच. लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावू नका, त्याने हिरडी भाजते आणि दुसऱ्या दिवशी पांढरा चट्टा घेऊन लोक येतात.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश चांगला आहे, पण मी तो स्वतःहून सुरू करायला सांगत नाही. तो प्लाक नव्याने बसू देत नाही, आधी बसलेला जाड थर आणि कीटण त्याने निघत नाही. शिवाय दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव काही दिवस बिघडते. डेंटिस्टने फोनवर सांगितलं तर ०.२ टक्क्यांचा, १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. ब्रश केल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो.

केमिस्टकडून 'हिरड्यांसाठी' अँटिबायोटिकची पट्टी आणणं हा आपल्याकडचा फार जुना रोग. साध्या सुजेला अँटिबायोटिक लागत नाही. चार दिवस रक्त थांबतं, गोळ्या संपल्या की परत सुरू होतं, कारण दातावरचा थर गोळीने उतरत नाही.

या दहा दिवसांत काय बदल दिसायला हवा? साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून बेसिनमधलं रक्त कमी व्हायला लागतं. गडद लाल, चकचकीत, गोलसर फुगलेली हिरडी फिकी होते आणि तिची कड दाताला पुन्हा चिकटून पातळ दिसते. हे सगळीकडे सारखं होत नाही. जिथे नुसता मऊ थर होता तिथे रक्त जवळजवळ थांबतं, जिथे कीटण आहे तिथे येतच राहतं. म्हणून आठव्या-नवव्या दिवशी कुठे अजून रक्त येतंय ते एका कागदावर लिहून ठेवा. उजवीकडे वर मागे, खाली पुढे, एवढं पुरे. हा कागद डेंटिस्टच्या फार कामाचा असतो. काही जण विचारतात, आधीच घरी सुधारणा झाली तर डॉक्टरांना आजार दिसणार कसा? काळजी नको. कीटण आणि हाडाचं नुकसान दहा दिवसांत लपत नाही. उलट सूज उतरलेली असली की तपासताना आणि साफ करताना दुखतं कमी.

या कागदाचा उपयोग कसा होतो ते एका रुग्णावरून सांगतो. रिक्षा चालवणारे गृहस्थ, वय ४४, तक्रार अगदी तुमच्यासारखी. वर सांगितल्याप्रमाणे ब्रश आणि इंटरडेंटल ब्रश सुरू केला. दहा दिवसांनी आले तेव्हा पुढच्या हिरड्या निम्म्याहून जास्त सुधारल्या होत्या. उजवीकडच्या वरच्या दोन दाढांमधे मात्र रक्त तसंच होतं आणि तिथून सकाळी घाण चव येते असंही त्यांनी सांगितलं. दात आणि हिरडीमधली खोली आम्ही खुणा असलेल्या बोथट सळीने मोजतो. निरोगी जागी ती १ ते ३ मिलिमीटर असते, त्यांच्या त्या दाढांपाशी ६ भरली. एक्स-रेमध्ये दाढांमधलं हाड खाली गेलेलं दिसलं. म्हणजे पुढची सूज वरवरची होती, पण मागे आजार हिरडी ओलांडून हाडापर्यंत गेला होता. याला लोक पायरिया म्हणतात. जास्त तहान आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागणं हेही बोलता बोलता निघालं, म्हणून रक्त तपासायला पाठवलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ९ च्या वर आली. त्यांना मधुमेह आहे हे तोवर माहीतच नव्हतं. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आटोक्यात ठेवणंही अवघड जातं. औषध सुरू झालं, दोन बैठकांत हिरडीखालचं कीटण काढलं आणि दोन-अडीच महिन्यांनी तीच खोली ४ वर आली. खाली गेलेलं हाड परत आलं नाही, पण रक्त थांबलं आणि दाढा राहिल्या.

याच्या उलटही होतं. घरात कोणी मशेरी लावत असेल किंवा तंबाखू खात असेल आणि 'माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही' असं म्हणत असेल, तर त्याचा अर्थ हिरड्या चांगल्या आहेत असा घेऊ नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हाड झिजत असतानाही रक्त कमीच येतं. मशेरी सोडल्यावर काही दिवस रक्त यायला लागलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नये. आधी झाकलेली सूज आता दिसते आहे, इतकंच. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गावाकडे हिरडी सुजली की 'मशेरी लाव, आवळून येईल' असा सल्ला अजून सर्रास मिळतो.

तुम्ही औषधांबद्दल काही लिहिलेलं नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या दातांवर वाढून येऊ शकतात आणि त्या घट्ट, गाठीसारख्या लागतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असाल तर थोड्या सुजेतूनही जास्त रक्त येतं. यातली कुठलीही गोळी दातांसाठी म्हणून स्वतः बंद करायची नाही. नावं लिहून घेऊन जा, बदल करायचा की नाही ते डेंटिस्ट आणि तुमचे डॉक्टर आपसात ठरवतील. गरोदर असाल तर तेही आधी सांगा. त्या दिवसांत हार्मोन्समुळे थोड्या थरानेही हिरड्या खूप सुजतात. दात साफ करणं गरोदरपणात चालतं, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यांत सोयीचे.

दहा दिवस थांबायचं नाही अशी काही लक्षणंही आहेत. ताप आणि त्यासोबत हिरड्यांतून रक्त, खास करून पावसाळ्यात, म्हणजे आधी डेंग्यूचा विचार. तेव्हा डेंटिस्टकडे नाही, फिजिशियनकडे त्याच दिवशी जायचं, प्लेटलेट्स तपासायच्या आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. ब्रश न लावताही रक्त येतंय, अंगावर कारण नसताना निळे डाग पडतायत, खूप थकवा आहे, हिरड्या आठ-पंधरा दिवसांत अचानक सुजून फिक्या पडल्या आहेत, तर रक्ताची पूर्ण तपासणी लगेच करून घ्या. रक्ताचे काही गंभीर आजार पहिल्यांदा हिरड्यांतच दिसतात. गालावर किंवा जबड्याखाली सूज, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, हिरडीतून पू, ठणका, यापैकी काहीही असेल तर वेळ पुढची असली तरी फोन करून आजच दाखवा. आणि एखाद्या ठिकाणचं रक्त थांबतच नसेल तर चूळ भरत बसू नका, प्रत्येक चुळीबरोबर धरलेली गुठळी निघून जाते. स्वच्छ कापडाची घडी ओली करून त्या जागी सलग १५ मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

राहिला दात हलण्याचा प्रश्न. दात साफ करायच्या मशीनचं टोक बारीक कंप पावतं, त्याने कीटण सुटतं आणि सोबतचं पाणी ते धुऊन नेतं. निरोगी दात त्याने हलत नाही. मग ही समजूत आली कुठून? खूप वर्षांचं कीटण असलं की ते शेजारशेजारच्या दातांना जोडून ठेवतं आणि हाड झिजलेले, मुळात ढिले झालेले दात घट्ट वाटतात. ते काढलं की खरी अवस्था कळते. फटींचंही तसंच: आधी तिथे कीटण आणि सुजलेली हिरडी भरलेली होती, दोन्ही गेल्यावर मोकळी जागा दिसते. तुमच्या वयात, महिनाभराच्या सुजेत, दात हलण्याइतकं हाड गेलेलं असण्याची शक्यता कमी आहे, पण ते खोली मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही. म्हणून साफसफाई सुरू करण्याआधी हिरड्यांची खोली मोजून घ्या असं तुम्ही स्वतः म्हणा.

साफ केल्यावर काही दिवस थंड पाणी झोंबतं, कारण कीटणाखाली झाकलेला मुळाचा भाग उघडा पडतो. त्या काळात सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा आणि बर्फाचं टाळा. बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. तीन आठवड्यांनंतरही एखादाच दात ठणकत राहिला किंवा त्याच जागी पुन्हा रक्त यायला लागलं तर पुढच्या सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता तो दात दाखवून या.